दहा मिनिटांच्या हॉल्टमध्ये चहा निवतो का? नववीच्या पोरांनी स्टँडवर थर्मामीटर लावून पाहिलं

लांब पल्ल्याची एसटी तालुक्याच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. प्रवासी उतरतात, टपरीवर गर्दी होते, चहा हातात पडतो आणि पुढचा सगळा वेळ तो निवायची वाट बघण्यात जातो. कंडक्टरने घंटी दिली की मग उरलेला चहा एका घोटात पोटात नाहीतर गटारात. जीभ भाजलेला माणूस पुढचे दोन तास तोंडातल्या तोंडात चरफडत असतो, आणि टपरीवाल्या मावशींना रोज एकच बोलणं ऐकावं लागतं, "मावशी, जरा कमी गरम द्यायचा की!"

मावशींचं उत्तरही ठरलेलं. "कमी गरम दिला तर म्हणत्यात, शिळा हाय."

जवळच्या हायस्कूलचे विज्ञानाचे सर रोज याच टपरीवर चहा घेतात. हे भांडण ऐकून त्यांनी एका शनिवारी शाळा सुटल्यावर नववीची तीन पोरं आणि प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर सोबत आणला. प्रश्न एवढाच होता, की ग्लासात ओतलेला चहा पिण्याजोगा व्हायला किती मिनिटं लागतात आणि ती आधीच सांगता येतात का.

पहिले दहा अंश ग्लासच पितो

किटलीतला चहा मोजला तेव्हा ९२ अंश भरला. टपरीवर सावलीत हवा ३० अंश होती. काचेच्या ग्लासात अंदाजे शंभर मिली चहा ओतला, चमच्याने ढवळला, आणि थर्मामीटरचा पारा स्थिर झाल्यावर आकडा आला ८२. म्हणजे घड्याळ सुरू होण्याआधीच दहा अंश गेले. गेले कुठे?

ते ग्लासात गेले. जाड काचेचा ग्लास वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. तोही ३० अंशांवर गार बसलेला असतो. चहा पडल्याबरोबर तो चहातली उष्णता ओढून घेतो आणि दोघं एका पातळीला येतात. काचेला गरम व्हायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी उष्णता लागते, म्हणून दहाच अंश गेले. ग्लास पाण्याचाच असता तर निम्मा फरक संपला असता.

इथं एक गंमत लक्षात येते. कागदी कपाचं वजन चार-पाच ग्रॅम. तो चहाकडून जवळपास काहीच घेत नाही. त्यामुळे त्याच किटलीतला चहा कागदी कपात पडला की काचेच्या ग्लासापेक्षा सात-आठ अंश तरी जास्त गरम असतो. "कागदी कपातला चहा जास्त भाजतो" ही प्रवाशांची तक्रार नुसती कुरकुर नाही. उलट सकाळी थंडीत नुकताच विसळून ठेवलेला गार ग्लास असेल तर चहा आधीच बराच उतरलेला मिळतो.

पोरांचा पहिला अंदाज चुकला

प्यायचा चहा किती अंशांचा? बहुतेकांना ५५ ते ६० अंशांच्या दरम्यानचा चहा गरमही लागतो आणि जीभही भाजत नाही. सरांनी हिशोबासाठी ५८ धरला.

पाच मिनिटांनी पुन्हा ढवळून मोजलं तर ७० अंश. एका पोराने लगेच बोटं मोजली. पाच मिनिटांत १२ अंश उतरला, म्हणजे पुढच्या पाच मिनिटांत आणखी १२. दहा मिनिटांनी बरोबर ५८. "सर, बसच्या टायमात बसतंय," असं म्हणून त्याने वहीत लिहूनही टाकलं.

दहा मिनिटं झाली. थर्मामीटर ६२ दाखवत होता. पंधरा मिनिटांनी ५६. विसाव्या मिनिटाला साडेएक्कावन्न. पाच-पाच मिनिटांची घसरण अशी झाली: १२, ८, ६, साडेचार. प्रत्येक वेळी कमी.

चहा मिनिटाला ठरावीक अंशांनी निवत नाही, ही चूक इथंच होते. निवणं चहा किती गरम आहे यावर नाही, तर तो हवेपेक्षा किती जास्त गरम आहे यावर चालतं. म्हणून सरांनी वहीतले आकडे खोडायला लावून प्रत्येकातून हवेचे ३० वजा करायला सांगितले. मग उरलं ते असं: सुरुवातीला ५२, पाच मिनिटांनी ४०, दहाला ३२, पंधराला २६, विसाला साडेएकवीस.

आता ४० चे ३२ म्हणजे पाचवा भाग गेला. ३२ चे २६ म्हणजे पाचव्या भागाहून किंचित कमी. २६ चे साडेएकवीस, इथंही सहावा हिस्सा. अंश बदलत गेले, पण जाणारा हिस्सा जवळपास तोच राहिला.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. ट्रॅक्टरचा घसारा असाच धरतात. पहिल्या वर्षी पूर्ण किमतीवर, दुसऱ्या वर्षी उरलेल्या किमतीवर, तिसऱ्या वर्षी त्याहून उरलेल्यावर. टक्का तोच, पण पैसा दरवर्षी कमी उतरतो. नवा ट्रॅक्टर शोरूमबाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त मार पहिल्याच वर्षी खातो, तसा चहाही पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यात जास्त उतरतो. ट्रॅक्टरची किंमत शून्याकडे सरकते, चहा हवेच्या तपमानाकडे सरकतो, एवढाच फरक.

हा नियम आयझॅक न्यूटनच्या नावाने ओळखला जातो. १७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये त्याचा लॅटिनमधला लेख छापून आला, तोही नाव न घालता. त्याच्याजवळ पाऱ्याचा थर्मामीटर नव्हता, जवसाच्या तेलाचा होता. एवढ्या तेलाने लाल झालेलं लोखंड मोजता येत नाही. मग त्याने तापलेलं लोखंड एकसारख्या वाऱ्यात ठेवून ते निवायला किती वेळ लागतो यावरून ते आधी किती तापलं असेल याचा हिशोब मांडला. पोरांनी चहाचं केलं ते याच वाटेने, फक्त उलट दिशेने.

मग वेळ आधीच कशी सांगायची

लॉगरिदमची गरज नाही. पाचव्या मिनिटाचा आकडा हातात असला की पुढचं तोंडी होतं.

चहा ७०, हवा ३०, फरक ४०. आपल्याला ५८ हवा, म्हणजे फरक २८ व्हायला हवा. पाच मिनिटांत पाचवा भाग जातो असं धरलं तर ४० चे ३२ होतात. ३२ अजून २८ पेक्षा जास्त आहे, म्हणून पुढची पाच मिनिटं धरा. ३२ चा पाचवा भाग ६.४, म्हणजे फरक २५.६ वर येईल. आपल्याला ३२ वरून फक्त ४ उतरायचंय. ६.४ उतरायला पाच मिनिटं, तर ४ उतरायला तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. एकूण झालं ५ अधिक ५ अधिक ३, तेरा मिनिटं. प्रत्यक्ष वाचनावरून काढलं तर ५८ अंश तेरा मिनिटं होऊन गेल्यावर येतो. अंदाज वीस-पंचवीस सेकंदांच्या आत बसला.

सरळ रेषेने काढणारा पोरगा दहा मिनिटं म्हणत होता. त्या दहाव्या मिनिटाला चहा ६२ अंशांवर होता. मधली तीन-साडेतीन मिनिटं म्हणजेच प्रवाशांची भाजलेली जीभ.

पाचव्या मिनिटापासूनच का मोजायचं, पहिल्यापासून का नाही, हे एका पोरीने विचारलं आणि तिचा प्रश्न बरोबर होता. पहिल्या पाच मिनिटांत ५२ चे ४० झाले, म्हणजे पाचव्यापेक्षा जास्त, जवळपास चौथा हिस्सा गेला. कारण वाफ. ८० अंशांच्या चहावरून वाफ जोरात उठते आणि प्रत्येक थेंब वाफ होताना चहातली बरीच उष्णता घेऊन जातो. ६० च्या खाली ती वाफ निम्म्याहून कमी होते. न्यूटनचा नियम वाफेचा वेगळा हिशोब धरत नाही. म्हणून अगदी उकळत्या चहापासून सुरू केलेला अंदाज नेहमी घाईचा निघतो, चहा सांगितल्या वेळेपेक्षा उशिरा निवतो. पहिली वाफ ओसरू द्यावी आणि मग मोजायला बसावं.

या वाफेमुळेच साय महत्त्वाची ठरते. दुधाच्या चहावर साय धरली की ती झाकणासारखी बसते आणि वाफ अडते. न हलवलेला, साय धरलेला चहा वरून निवांत दिसतो आणि खाली चांगलाच गरम असतो. असा चहा एकदम घोटणारा माणूस हमखास फसतो. फुंकर मारली की साय मोडते, वर साठलेली ओली हवा बाजूला सरते आणि वाफेला पुन्हा वाट मिळते. फुंकरीचं काम हेच आहे. तोंडातला वारा काही फार गार नसतो.

मे आणि डिसेंबर

तोच ग्लास, तीच किटली, पण हवा वेगळी असेल तर? पाचवा भागच धरून कागदावर मांडलं तर फरक डोळ्यांत भरतो. डिसेंबरच्या पहाटे गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाजवळ हवा १२ अंश. चहा ८२, फरक ७०. ५८ वर यायचं म्हणजे फरक ४६ व्हायला हवा. ७० चे ५६, ५६ चे पावणेपंचेचाळीस. दहा मिनिटं व्हायच्या आत काम झालं.

मे महिन्यात भर दुपारी हवा ४२ अंश. चहा ८२, फरक ४०, आणि ५८ साठी फरक १६ पर्यंत खाली यायला हवा. ४० चे ३२, ३२ चे साडेपंचवीस, त्याचे साडेवीस, त्याचे सोळा-साडेसोळा. वीस मिनिटं गेली. दुप्पट वेळ.

प्रत्यक्षात मे महिन्यातला चहा इतका रेंगाळत नाही. वाफ उडायला हवा गार असावीच लागते असं नाही, कोरडी असली तरी पुरते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते. माठ ज्या कारणाने गार होतो तेच कारण इथं थोडं उपयोगी पडतं. पण उन्हाळ्यात चहाला जास्त वेळ द्यावा लागतो हे खरंच. वारा असला तर सगळाच हिशोब बदलतो. शेताच्या बांधावर वाऱ्याला ठेवलेल्या ग्लासाला पाचवा भाग नव्हे, चौथा किंवा तिसरा भागही लागू पडू शकतो. तो आकडा ज्याचा त्याने एकदा मोजून घ्यायचा. भांडं, चहाचं माप आणि जागा तीच राहिली तर हिस्साही साधारण तोच राहतो.

घरी मोजायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. तापाचा थर्मामीटर चहात बुडवू नका. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो, पाऱ्याचा असेल तर फुटतो आणि पारा विषारी. शाळेतला नाहीतर स्वयंपाकात वापरतात तो सळईचा डिजिटल थर्मामीटर चालतो. आणि प्रत्येक वेळी आधी ढवळा, थर्मामीटरचं टोक तळाला टेकवू नका. न ढवळता मोजलं तर वरचा चहा एक सांगतो आणि खालचा दुसरंच.

आजीची बशी

पोरं वह्या आवरत होती तेव्हा शेजारच्या बाकावर बसलेल्या एका आजींचा चहा संपलाही होता. त्यांनी कपबशी मागितली होती, बशीत ओतून चार घोटांत चहा पिऊन मोकळ्या झाल्या. "तुमचं तेरा मिनिटं चालू द्या," म्हणाल्या.

बशीत दोन गोष्टी एकदम होतात. कपात शंभर मिली चहाला हवा लागते ती फक्त वरच्या तोंडातून, साडेसहा सेंटिमीटर रुंदीच्या. बशीत तीस मिली ओतला तर तो अकरा सेंटिमीटरपर्यंत पसरतो. उघडा भाग जवळपास तिप्पट होतो आणि चहा मात्र तिसरा हिस्सा. म्हणजे वरच्या बाजूने निवण्याचा वेग नऊ-दहापट. पण आजींना एवढंही थांबावं लागलं नाही, कारण दुसरी गोष्ट त्याहून झटपट होते. चिनीमातीची बशी जड असते आणि गार असते. तीस मिली चहाला ती चांगलीच भारी पडते. ७५ अंशांचा चहा बशीत पडल्या पडल्या दहा-पंधरा अंश सहज उतरतो. ग्लासाने शंभर मिलीचे दहा अंश खाल्ले होते, हा तोच प्रकार, फक्त मोठ्या प्रमाणात.

म्हणून बशीतला पहिला घोट सगळ्यात लवकर निवतो. दुसऱ्या वेळी ओतताना बशी आधीच तापलेली असते, ती कमी उष्णता घेते. ज्यांना घाई असते ते दुसऱ्यांदा ओतून लगेच तोंडाला लावतात आणि तिथं भाजून घेतात. दुसऱ्या ओतण्याला अर्धा मिनिट जास्त द्यावा. स्टीलची बशी असेल तर ती वजनाला हलकी, तिचा एवढा उपयोग होत नाही, शिवाय बोटं भाजतात ती वेगळीच.

जीभ भाजण्यापुरतंच नाही

हे सगळं मोजायचं कारण फक्त बस चुकणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं 'संभाव्य कारण' या गटात टाकली. चहा नाही, कॉफी नाही, गरमपणा. पुरावा मुख्यतः इराण, चीन आणि दक्षिण अमेरिकेतून आला, जिथं चहा किंवा माटे नावाचं पेय फार गरम पितात.

इराणच्या गोलेस्तान प्रांतातला अभ्यास टपरीवरच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. तिथल्या संशोधकांनी रुग्णांना आणि निरोगी लोकांना विचारलं की चहा ओतल्यावर किती मिनिटांनी पिता. २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या निष्कर्षात चार मिनिटं किंवा जास्त थांबणाऱ्यांच्या तुलनेत दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांमध्ये या कर्करोगाची शक्यता पाचपट दिसली. पुढे त्याच भागातल्या पन्नास हजार लोकांचा सुमारे दहा वर्षं पाठपुरावा झाला आणि २०१९ मध्ये आकडे आले. दिवसाला ७०० मिलीहून जास्त चहा ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांमध्ये धोका ९० टक्के जास्त होता. अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, गरम चहाच कारण आहे हे त्याने पक्कं सिद्ध होत नाही. आणि तिथला चहा बिनदुधाचा असतो. तंबाखू आणि दारू हे या रोगाचे जुने, मोठे कारण आहेतच. पण टपरीवरचा ग्लास पाचव्या मिनिटालाही ७० अंशांवर होता, हे पोरांच्या वहीत आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर वादच नाही. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत गंभीर भाजू शकतं, लेकरांची त्याहून लवकर. दहा मिनिटं ठेवलेला, "आता निवला असंल" म्हणून विसरलेला ग्लास त्याच मापात बसतो. रांगतं पोर घरात असेल तर ग्लास पाऊण तास तरी त्याच्या हाताला लागू नये.

मावशींनी सगळा प्रयोग भजी तळता तळता ऐकला. त्यांनी चहा कमी गरम केला नाही. गाडी फाटकातून आत वळलेली दिसली की त्या आता ग्लास भरून ओळीने फळीवर ठेवतात. गाडी फलाटाला लागेपर्यंत, दार उघडून माणसं टपरीपर्यंत येईपर्यंत तीन मिनिटं सहज जातात. वारा सुटला तर फळीवर पातेलं आडवं लावतात, नाहीतर शेवटच्या गिऱ्हाइकाला कोमट चहा जातो आणि तो पैसे देताना कुरकुरतो. मागच्या आठवड्यात कंडक्टरनेच तक्रार केली, की माझा ग्लास ओळीत शेवटी ठेवा, मला पहिल्यासारखा कडक लागतो.